साखरपुड्याची अंगठी घडवून घ्यायची आहे? सराफाला कोटेशनचा मेसेज असा लिहा

“साखरपुड्यासाठी डायमंडची अंगठी करून हवी आहे, साधारण किती जाईल?” असे मेसेज सराफांच्या व्हॉट्सॲपवर सतत येत असतात. त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: “दुकानात या, व्हरायटी दाखवतो.” यात सराफाचा दोष नाही. या एका वाक्यात चाळीस हजारांची अंगठी बसते आणि चार लाखांचीही. आकडा सांगण्याजोगं काही तुम्ही लिहिलेलंच नसतं, मग तो तुम्हाला दुकानात बोलावतो. तिथे समोर जे तयार असतं तेच दाखवलं जातं आणि घडवून घ्यायचा विचार बाजूला राहतो.

नीट लिहिलेल्या मेसेजचा खरा फायदा म्हणजे एकच मजकूर तीन-चार ठिकाणी पाठवता येतो आणि आलेले आकडे एकमेकांशेजारी ठेवून बघता येतात. त्यासाठी बजेट कशासकट आहे आणि खड्याच्या बाबतीत कुठे तडजोड चालेल, कुठे नाही, या दोन गोष्टी मेसेजमध्ये स्पष्ट हव्यात. बाकी सगळं त्यामागे येतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. मुलगी दंतवैद्य आहे, दिवसभर हातात ग्लोव्हज. साखरपुडा 13 डिसेंबरला आहे. मुलाने अंगठीसाठी 1,35,000 रुपये बाजूला काढलेत. हिरा नैसर्गिकच हवा, असं दोघांचं ठरलं आहे.

पायरी 1: आधी बोट, मग खडा

बहुतेक जण हिऱ्यापासून सुरुवात करतात. पण हिरा कशात बसवायचा ते आधी ठरवलं तर खड्याबद्दलचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

नेहमीच्या सॉलिटेअर अंगठीत हिऱ्याला सोन्याचे चार किंवा सहा बारीक पंजे धरून असतात, त्यांना प्राँग म्हणतात. दिसायला छान, कारण हिरा मोकळा राहतो. पण ते पंजे केसांत, लोकरीत आणि ग्लोव्हजमध्ये अडकतात. कणीक मळताना पीठ हिऱ्याच्या खाली जाऊन बसतं, ते वेगळंच. आपल्या दंतवैद्यबाईंना ही अंगठी कामावर घालायची तर खड्याभोवती सोन्याची पूर्ण कड असलेलं बंद कोंदण बरं. दुकानात याला बेझल म्हणतात. त्यातही हिरा बोटाच्या जवळ, म्हणजे कमी उंचीवर बसवायला सांगायचं. अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा स्वतःच तीन मिलिमीटरच्या वर खोल असतो, म्हणून बोटापासून साधारण पाच मिलिमीटर उंची धरायला हरकत नाही.

या एका निर्णयाचे तीन परिणाम होतात आणि तिन्ही मेसेजमध्ये उतरतात. बंद कोंदणाला सोनं थोडं जास्त लागतं, म्हणून वजन तीनऐवजी चार ग्रॅमच्या आसपास धरावं लागतं. पिवळ्या सोन्याची कड चारी बाजूंनी असली की हिऱ्यातली किंचित पिवळसर झाक नजरेला कळत नाही, त्यामुळे रंगाच्या बाबतीत वरच्या श्रेणीचे पैसे मोजायची गरज उरत नाही. तिसरा परिणाम सहसा कुणी सांगत नाही. प्रमाणित हिऱ्याच्या कडेवर लेझरने रिपोर्ट क्रमांक कोरलेला असू शकतो आणि बंद कोंदणात नेमकी तीच कड झाकली जाते. म्हणजे क्रमांक जुळवून बघायचा तर खडा बसवण्याआधीच.

धातूच्या बाबतीत फार घोळ घालू नका. घरातले मोठे 22 कॅरेटचा आग्रह धरतील, पण ते सोनं मऊ असतं आणि रोजच्या वापरात खड्याची पकड सैल होऊ शकते. हिऱ्याच्या अंगठीसाठी 18 कॅरेट घ्या, बजेट फारच ओढाताणीचं असेल तर 14. व्हाइट गोल्ड घेतलंत तर वरचा ऱ्होडियमचा मुलामा वापराने उतरतो आणि अधूनमधून पुन्हा चढवावा लागतो. त्याचे किती घेणार, हेही कोटेशनमध्येच विचारून ठेवा.

माप मात्र अंदाजाने लिहू नका. आपल्याकडे साखरपुडा बहुधा दोन्ही घरांच्या संमतीने ठरलेला असतो, तेव्हा बोटाचं माप चोरून घ्यायची गरज नसते. मुलीने कुठल्याही सराफाकडे जाऊन रिंगांचा जुडगा बोटात घालून नंबर घ्यावा, शक्यतो संध्याकाळी. सकाळी गारव्यात बोट बारीक असतं. सरप्राइज द्यायचंच असेल तर त्याच बोटातली एखादी अंगठी घेऊन आतला व्यास मोजा. आपल्याकडच्या नंबरात 40 मिळवले की आतला घेर मिलिमीटरमध्ये साधारण कळतो: 12 नंबर म्हणजे 52 मिमी घेर, म्हणजे साडेसोळा मिमी व्यास. मेसेजमध्ये नंबर आणि व्यास दोन्ही लिहा, कारण नात्यातलं कुणी अमेरिकेतून नंबर पाठवला तर तिथला सहा म्हणजे आपल्याकडचा साधारण बारा असतो.

पायरी 2: बजेट लपवू नका, पण कशासकट ते लिहा

“आपण बजेट सांगितलं की तो बरोबर तेवढ्याचीच अंगठी दाखवणार,” हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं आहे. तयार माल बघायला गेलात तर यात तथ्य आहे. घडवून घेताना मात्र आकडा न सांगणं तुमच्याच अंगाशी येतं, कारण सराफ खड्याची निवड त्या आकड्यावरूनच करतो. आकडा सांगायचा आणि त्याबरोबर खर्च फोड करून मागायचा. फोड मागितली की तेवढ्याच पैशात नक्की काय मिळतंय ते उघडं पडतं, मग आकडा कळला म्हणून बिघडत नाही.

“बजेट सव्वा लाख” एवढंच लिहिलं तर एक सराफ त्यात जीएसटी धरेल, दुसरा धरणार नाही. एक जण सर्टिफिकेटचे पैसे आत घेईल, दुसरा शेवटी लावेल. म्हणून वाक्य असं हवं: “सोनं, घडणावळ, खडा, सर्टिफिकेट, हॉलमार्क आणि जीएसटी धरून हातात पडेपर्यंत 1,30,000 रुपये.” दागिन्यांवरचा जीएसटी 3 टक्के आहे. म्हणजे या रकमेतले पावणेचार हजारांच्या आसपास तिथेच जातात आणि प्रत्यक्ष अंगठीसाठी सव्वा लाखाच्या जरा वर उरतात.

सोन्याचा भाव वर गेला तर? लोक याची नको इतकी धास्ती घेतात. हिशेबापुरता 24 कॅरेटचा भाव ग्रॅमला 12,000 रुपये धरू (तुम्ही वाचाल त्या दिवशीचा भाव वेगळा असेल, तो घालून आकडेमोड करा). 18 कॅरेट म्हणजे त्याचा पाऊण हिस्सा, 9,000 रुपये. चार ग्रॅमचे झाले 36,000. भाव पाच टक्क्यांनी चढला तरी सोन्यामागे 1,800 रुपये वाढतात. अशा अंगठीत पैसा मुख्यतः खड्यात असतो. तेव्हा मनातल्या कमाल रकमेपेक्षा चार-पाच हजारांनी कमी आकडा लिहा, जसे आपण 1,35,000 ऐवजी 1,30,000 लिहितोय, आणि निवांत राहा.

पायरी 3: खड्याबद्दल लिहिताना दोन रकाने करा

कागदावर एका बाजूला ‘हवंच’ आणि दुसऱ्या बाजूला ‘इकडेतिकडे चालेल’ असं लिहा. सगळंच ‘हवंच’मध्ये गेलं तर बजेट फुटतं. सगळंच ‘चालेल’मध्ये टाकलंत तर सराफ स्वतःकडे पडून असलेला खडा काढतो.

आमच्या उदाहरणात ‘हवंच’मध्ये पहिली ओळ: हिरा नैसर्गिक. हे लिहून मागा आणि बिलावरही लिहून घ्या. लॅबमध्ये तयार केलेला हिरा खोटा नसतो, रासायनिकदृष्ट्या तो हिराच असतो, आणि म्हणूनच दुकानातल्या साध्या डायमंड टेस्टरने दोन्हींतला फरक कळत नाही. फरक किमतीत आणि पुढे परत देताना मिळणाऱ्या रकमेत असतो. याच 1,30,000 रुपयांत लॅबमधला एक कॅरेटहून मोठा हिरा सहज बसेल. पण तो विकायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. मोठा खडा बोटात दिसावा एवढंच हवं असेल तर लॅबचा घेण्यात काही वावगं नाही, उलट मी त्याच्याच बाजूने बोलेन. फक्त काय घेतोय ते घेणाऱ्याला माहीत हवं.

‘हवंच’मधली दुसरी ओळ: सुट्या हिऱ्याचा जीआयए किंवा आयजीआय रिपोर्ट, म्हणजे हिरे तपासणाऱ्या या संस्थांचं प्रमाणपत्र. इथे ‘सुट्या’ हा शब्द विसरू नका. अंगठी तयार झाल्यावर काढलेलं दागिन्याचं सर्टिफिकेटही मिळतं, पण खडा कोंदणात असताना तपासणाऱ्याला त्याचं वजन करता येत नाही आणि आसपासच्या सोन्यामुळे रंग नेमका ठरवता येत नाही. त्यामुळे त्या कागदावर अंदाज असतो. सुट्या हिऱ्याच्या रिपोर्टवर मात्र वजन, रंग, स्वच्छता आणि मिलिमीटरमधली मापं नेमकी दिलेली असतात, आणि क्रमांक टाकून तो रिपोर्ट संस्थेच्या वेबसाइटवर पडताळता येतो.

तिसरी ओळ कटची, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्याची: एक्सलंट. हिरा चमकतो तो कटमुळे, इथे काटकसर करू नका. चौथी ओळ व्यापाऱ्यांच्या भाषेतली आहे, ती तशीच लिहा: “नो बीजीएम.” म्हणजे हिऱ्यात तपकिरी, हिरवी किंवा दुधाळ झाक नको. हा दोष रिपोर्टच्या श्रेणीत नेहमीच स्पष्ट दिसेल असं नाही. रंग आणि स्वच्छता चांगली असून भाव नेहमीपेक्षा कमी निघाला तर बऱ्याचदा कारण हेच असतं. शिवाय हे दोन शब्द वाचले की समोरच्याला कळतं, हा माणूस चौकशी करून आला आहे.

आता ‘चालेल’चा रकाना, पैसे इथेच वाचतात. वजन नेमकं अर्धा कॅरेट मागू नका. हिऱ्याचे भाव 0.50, 0.70, 1.00 अशा टप्प्यांवर उडी मारतात. 0.47 कॅरेटचा हिरा 0.50च्या टप्प्याखाली येतो म्हणून त्याचा कॅरेटमागचा भाव कमी, आणि व्यासातला फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. बोटात तो कुणालाही दिसणार नाही. म्हणून लिहायचं: “0.45 ते 0.52 कॅरेट, व्यास 4.9 मिमीपेक्षा कमी नको.” व्यासाची अट महत्त्वाची आहे. काही हिरे खोलीला जास्त ठेवून वजन भरलेलं असतं. त्यात पैसे अर्ध्या कॅरेटचे जातात आणि वरून खडा लहान दिसतो.

रंगाची अक्षरं डीपासून पुढे जातात तशी पिवळसर झाक वाढते. पिवळ्या सोन्याच्या बंद कोंदणात असल्यामुळे इथे एच किंवा आय. व्हाइट गोल्ड असतं तर मी एफ-जी सुचवला असता. स्वच्छता म्हणजे आतल्या डागांची श्रेणी: व्हीएस2, किंवा आय क्लीन असेल तर त्याखालची एसआय1 चालेल, म्हणजे नुसत्या डोळ्यांना डाग दिसता कामा नये. त्यासाठी फोटो पुरेसा नाही. नैसर्गिक उजेडात, हातात धरून, हळू फिरवत काढलेला व्हिडिओ मागा. दुकानातल्या दिव्यांखाली काच पण चमकते.

पायरी 4: मेसेज

घरचा सराफ असेल, म्हणजे आईच्या मंगळसूत्रापासून ज्यांच्याकडे सगळं झालंय असे कुणी, तर सुरुवात “नमस्कार काका” अशी होईल आणि घरच्यांची चौकशीही होईल. तरी पुढचा मजकूर तोच ठेवा. ओळखीत फोड मागायला संकोच वाटतो खरा, पण भीड भिकेची बहीण. मेसेजमधली घट म्हणजे घडवताना वाया जाणारं सोनं.

> नमस्कार,
> मी पुण्यात राहतो. साखरपुड्यासाठी एक अंगठी घडवून घ्यायची आहे, त्याचं लेखी कोटेशन हवं आहे.
>
> साखरपुडा 13 डिसेंबरला आहे. अंगठी 30 नोव्हेंबरपर्यंत हातात हवी.
>
> बजेट: 1,30,000 रुपये. यात सोनं, घडणावळ, घट, खडा, सर्टिफिकेट, हॉलमार्क, जीएसटी सगळं धरलं आहे.
>
> अंगठी: 18 कॅरेट पिवळं सोनं. एकच गोल हिरा, बंद कोंदणात (बेझल). बोटापासून उंची साधारण 5 मिमी. पट्टी 2 मिमी रुंद, साधी, आतून गोलसर. नंबर 12 (आतला व्यास 16.5 मिमी). रोज ग्लोव्हज घालून काम करायचं असल्याने कुठेही टोक किंवा धार नको. अंदाजासाठी दोन फोटो जोडतोय. पहिल्यातलं कोंदण आवडलंय, दुसऱ्यातली पट्टी.
>
> हिरा, हे हवंच: नैसर्गिक, सुट्या हिऱ्याचा जीआयए किंवा आयजीआय रिपोर्ट, कट एक्सलंट, नो बीजीएम.
> हिरा, यात लवचीक आहे: 0.45 ते 0.52 कॅरेट (व्यास किमान 4.9 मिमी), रंग एच-आय, स्वच्छता व्हीएस2 किंवा आय क्लीन एसआय1.
> बजेटमध्ये बसत नसेल तर आधी वजन कमी करा, कट नको.
>
> कृपया हे वेगवेगळं लिहून द्यावं:
> 1. सोन्याचं अंदाजे निव्वळ वजन आणि 18 कॅरेटचा धरलेला भाव
> 2. घडणावळ आणि घट (टक्के की ग्रॅममागे)
> 3. हिऱ्याची किंमत, रिपोर्ट क्रमांक आणि व्हिडिओ (दोन पर्याय असतील तर उत्तम)
> 4. इतर खर्च आणि जीएसटी
> 5. सोन्याचा भाव बुकिंगच्या दिवसाचा लागेल की डिलिव्हरीच्या
> 6. ॲडव्हान्स किती, आणि पुढे एक्सचेंज किंवा बायबॅक कसा
>
> आणखी दोन ठिकाणी विचारतोय. शनिवारपर्यंत उत्तर आलं तर त्यानंतर दुकानात येऊन हिरा बघेन.
> धन्यवाद.

यातल्या एका वाक्याकडे परत बघा: “आधी वजन कमी करा, कट नको.” बजेट आणि इच्छा जुळत नाहीत तेव्हा कुणीतरी काहीतरी कापणारच. काय कापायचं हे तुम्ही लिहिलं नाही तर सराफ ठरवतो, आणि तो बहुधा न दिसणारी गोष्ट कापतो. आकार कमी केला तर गिऱ्हाइकाला लगेच कळतं, कट एक पायरी खाली आणला तर कळत नाही.

फोटोंबद्दलही तेच. इंटरनेटवरचा फोटो पाठवून “सेम असं” लिहू नका. त्या फोटोतला हिरा दोन कॅरेटचा असू शकतो, आणि अर्ध्या कॅरेटवर तेच डिझाइन केलं की पट्टी जाड आणि खडा बारीक दिसतो. फोटोतलं नेमकं काय आवडलंय ते लिहा.

आणि तारीख. डिझाइनचं संगणकावर काढलेलं कॅड चित्र, मेणाचा साचा, ओतकाम, घासकाम, खडा बसवणं, हॉलमार्किंग, पॉलिश एवढं सगळं व्हायला तीन-चार आठवडे धरा. मुंबईच्या झवेरी बाजारात आणि इतरत्रही पुष्कळ कारागीर बंगालचे आहेत. दुर्गापूजेला ते गावी गेले की कामं खोळंबतात, आणि लगेच धनत्रयोदशीची गर्दी असते. डिसेंबरच्या साखरपुड्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मेसेज गेलेला बरा. पितृपक्षात दुकानं निवांत असतात. घरच्यांची खरेदीला हरकत असेल तरी कोटेशन मागायला मुहूर्त लागत नाही.

पायरी 5: आलेली उत्तरं शेजारी ठेवून वाचा

समजा दोन उत्तरं आली.

पहिल्याने फोड दिली: निव्वळ सोनं 4 ग्रॅम, भाव 9,000, म्हणजे 36,000. घडणावळ 15 टक्के, घट त्यातच, म्हणजे 5,400. हिरा 0.48 कॅरेट, एच, व्हीएस2, रिपोर्ट क्रमांकासह 78,000. बेरीज 1,19,400. त्यावर 3 टक्के जीएसटी 3,582. हॉलमार्कचे पन्नासएक रुपये धरून साधारण 1,23,000.

दुसऱ्याने एका ओळीत लिहिलं: “1,12,000 मध्ये होऊन जाईल सर. ईएफ-व्हीव्हीएस हिरा, 50 सेंट. मेकिंग फक्त 8 टक्के.”

50 सेंट म्हणजे अर्धा कॅरेट. वरवर बघितलं तर दुसरा अकरा हजारांनी स्वस्त, हिऱ्याची श्रेणी कितीतरी वरची आणि घडणावळ निम्मी. इथेच थांबून फोड पुन्हा मागायची. ती अशी येते: सोन्याचा भाव 9,360, कारण 18 कॅरेटसाठी त्याने 24 कॅरेटच्या भावाचा 75 ऐवजी 78 टक्के हिस्सा धरला. वजन 4.1 ग्रॅम, कारण ते खड्यासकट आहे. अर्धा कॅरेट म्हणजे 0.1 ग्रॅम, आणि तेवढा हिरा सोन्याच्या भावाने दुसऱ्यांदा विकला गेला. सोनं झालं 38,376. घडणावळ 8 टक्के म्हणजे 3,070, आणि मेसेजमध्ये न लिहिलेली घट आणखी 8 टक्के, पुन्हा 3,070. सगळे मिळून 44,516.

आता चार ग्रॅम सोन्याची खरी किंमत 36,000 होती. त्याच्या वर पहिला 5,400 घेतो, म्हणजे 15 टक्के. ‘फक्त 8 टक्के’वाला 8,516 घेतो, म्हणजे साडेतेवीस टक्क्यांच्या पुढे. कुठलाही दुकानदार कितीही टक्के म्हणो, हा एकच हिशेब करून बघा: निव्वळ वजन गुणिले शुद्ध हिस्स्याचा भाव, आणि त्याच्या वर एकूण किती घेतले.

राहिला हिरा. 1,12,000 मधून 44,516 वजा केले की 67,484 उरतात. पहिल्याचा एच रंगाचा हिरा 78,000ला, आणि दुसऱ्याचा कितीतरी वरच्या श्रेणीचा, वजनाने मोठा हिरा त्याहून दहा हजारांनी स्वस्त? असं होत नसतं. रिपोर्ट क्रमांक मागितल्यावर “सर्टिफिकेट अंगठी झाल्यावर मिळेल” असं उत्तर आलं तर कोडं सुटलं: श्रेणी दुकानाने स्वतः लावली आहे. ‘ईएफ-व्हीव्हीएस’ ही बारीक हिऱ्यांच्या लॉटसाठी वापरायची भाषा आहे. एकाच मोठ्या हिऱ्याला एकच रंग आणि एकच स्वच्छता असते, जोडी नसते. वर जीएसटीचे 3,360 वेगळे, म्हणजे आकडा 1,15,360 वर गेलेलाच आहे.

दुसरा सराफ लबाडच असेल असं नाही. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकं “मेकिंग किती टक्के?” एवढंच विचारत आली, म्हणून दुकानंही त्या एका आकड्यावर स्पर्धा करायला लागली. त्याच्याकडे सुट्या रिपोर्टचा हिरा मागा. दिला तर पुन्हा हिशेब करा, कदाचित तोच परवडेल.

घासाघीस करायचीच असेल तर घडणावळीवर करा. सोन्याचा भाव बाजाराचा असतो, त्यात फार हलत नाही. हिऱ्यावर सूट मागितली तर हिरा बदलण्याचा धोका असतो, म्हणून त्याच रिपोर्ट क्रमांकाच्या हिऱ्यावर मागा.

पायरी 6: ठरल्यावर दुसरा मेसेज

ॲडव्हान्स देण्याआधी दुकानात जाऊन हिरा सुटा बघा. दहापट भिंगातून कडेवरचा क्रमांक वाचा आणि रिपोर्टशी जुळवा. बंद कोंदणात ही संधी पुन्हा येणार नाही. खडा पांढऱ्या कागदावर उपडा ठेवून बघितला की रंगाची झाक कळते. सराफाला यात वावगं वाटत नाही, आणि वाटलं तर दुसरीकडे जायला तेवढं कारण पुरे.

मग घरी येऊन लिहा:

> आज बघितलेला 0.48 कॅरेटचा हिरा (रिपोर्ट क्रमांक फोटोत आहे) नक्की करतोय. हाच हिरा बसेल, बदल करायचा झाल्यास आधी विचारावं. एकूण 1,23,000, फक्त सोन्याच्या प्रत्यक्ष वजनानुसार थोडा फरक मान्य. भाव आज बुक. कॅड चित्र मंजूर केल्याशिवाय ओतकाम करू नये. ॲडव्हान्सच्या पावतीवर रिपोर्ट क्रमांक, सोन्याचा भाव आणि डिलिव्हरीची तारीख लिहावी.

कॅड चित्र आलं की सौंदर्याच्या आधी आकडे बघा: पट्टी 2 मिमी, उंची 5, नंबर 12. पडद्यावर अंगठी ताटाएवढी दिसते, त्यात सगळंच भारी वाटतं. चित्र बाजूला ठेवून कागदावर पाच मिमीचं वर्तुळ काढा आणि बोटावर धरा.

अंगठी घ्यायला जाल तेव्हा ती तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा आणि त्यातून 0.1 ग्रॅम हिऱ्याचे वजा करा. आतल्या बाजूला बीआयएसचं चिन्ह, 18K750 आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये तिथेच उभ्या उभ्या टाकून बघा, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसली पाहिजे. बिलावर निव्वळ वजन, शुद्धता, हॉलमार्कचा खर्च, ‘नैसर्गिक हिरा’ हे शब्द आणि रिपोर्ट क्रमांक हवा. मग ग्लोव्हजची एक जोडी खिशातून काढून अंगठीवरून चढवून, उतरवून बघा. कड कुठे अडकली तर पॉलिशवाला दुकानातच असतो, दहा मिनिटांत घासून देतो.